एका कान्याचे अंतर

मराठी औपचारिक पत्राला दोन टोके असतात. वरच्या टोकाला मायना म्हणतात आणि खालच्याला शेवट. पत्र कशासाठी लिहिले आहे ते मधल्या मजकुरात असते. पण लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याच्या पाया पडायचे आहे, त्याला आशीर्वाद द्यायचा आहे, की नुसतीच त्याच्याकडून पोच घ्यायची आहे, हे या दोन टोकांवरून ठरते. मजकुरात चूक झाली तर दुसरे पत्र पाठवून ती दुरुस्त करता येते. मायन्यात चूक झाली तर पत्र आत्याबाईंच्या हातून साऱ्या गोतावळ्यात फिरते आणि पुढच्या लग्नात ‘आम्हाला आता कोण विचारतो’ हे वाक्य पंगतीत तीनदा ऐकावे लागते.

वडीलधाऱ्यांचा मायना ‘ती.’ या अक्षराने सुरू होतो. हे अक्षर दोन निरनिराळ्या शब्दांसाठी उभे असते. काटेकोर परंपरेप्रमाणे ‘तीर्थरूप’ हे आईवडिलांसाठी आणि ‘तीर्थस्वरूप’ हे त्यांच्या जागी मानायच्या बाकीच्या वडीलधाऱ्यांसाठी, म्हणजे काका, मामा, सासरे, गुरुजी यांच्यासाठी. पहिले स्वतः तीर्थ, दुसरे तीर्थासारखे. हा फरक काकांना समजावून सांगण्याच्या भानगडीत शहाणा पुतण्या पडत नाही. तो फक्त ‘ती.’ लिहितो आणि त्याचा विस्तार ज्याने त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे करावा म्हणून सोडून देतो. मराठीतल्या निम्म्या संक्षेपांचा जन्म जागा वाचवण्यासाठी झाला असेल. हा एक मात्र नाती वाचवण्यासाठी टिकला आहे.

काही जण तीर्थस्वरूपचा संक्षेप ‘ती. स्व.’ असा पुरा करतात. तिथे जोखीम आहे. ‘स्व.’ हे अक्षर एकटे पडले की त्याचा अर्थ स्वर्गीय असा होतो. घाईघाईत ‘ती.’ लिहायचे राहून गेले आणि कार्डावर ‘स्व. काकांस’ एवढेच उतरले, तर ते कार्ड नेमके काका नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला देऊन घरी परतत असतानाच दारात येऊन पडते. त्यानंतर पुतण्याने मजकुरात कितीही प्रकृतीची चौकशी केलेली असली तरी तिचा उपयोग होत नाही.

वडीलधाऱ्यांचे नाव मायन्यात येत नाही, नाते येते. ‘ती. नानाकाकांस’, ‘ती. सौ. आईस’ अशी ही रचना. नाव पाकिटावर येते, कारण ते पोस्टमनसाठी असते. पोस्टमनला नानाकाका म्हणजे कोण हे ठाऊक नसते आणि घरातल्या निम्म्या मुलांना नानाकाकांचे खरे नाव ठाऊक नसते; तेव्हा आत एक आणि बाहेर एक अशी विभागणी दोन्ही बाजूंच्या सोयीची ठरते. बायकांच्या नावामागे मात्र परंपरेने आणखी एक अक्षर चिकटवले: नवरा असेल तर ‘सौ.’, नसेल तर ‘गं. भा.’ म्हणजे गंगाभागीरथी, लग्न व्हायचे असेल तर ‘कु.’. पुरुषाच्या नावामागचा ‘श्री.’ तो विवाहित, विधुर की अजून स्थळे पाहतो आहे याचा पत्ता लागू देत नाही. २०२३ साली ‘विधवा’ या शब्दाऐवजी गंगाभागीरथी हा शब्द सरकारी कागदात आणण्याची कल्पना राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी पुढे आणली, तेव्हा तिला जोरदार विरोध झाला. कार्यालयीन पत्रात आज ‘श्रीमती’ लिहून प्रश्न मिटवतात, आणि घरच्या पत्रातही नुसते ‘ती. आजीस’ पुरते. आजी आपल्या नवऱ्याची हकिकत नातवाच्या मायन्यातून जाणून घेत नाही.

मायन्याच्या पहिल्या भागात पत्र कोणाला हे ठरले की दुसऱ्या भागात नमस्काराची खोली ठरते. वडिलांना ‘शि. सा. न. वि. वि.’, म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. अधिक जुन्या वळणाचे लोक ‘कृ. सा. न. वि. वि.’ लिहीत; तो कृतानेक साष्टांग नमस्कार, म्हणजे एक घालून भागणारा नव्हे. साष्टांगातली आठ अंगे छाती, डोके, दृष्टी, मन, वाणी, पाय, हात आणि गुडघे अशी सांगतात. देवळात ही सगळी एकदम जमिनीला लावताना माणसाची तारांबळ उडते. पत्रात ती दोन अक्षरांत मावतात, लिहिणारा खुर्चीत मागे रेलून चहा पीत असला तरी चालते, आणि सगळा ऐवज पन्नास पैशांच्या पोस्टकार्डावर गावाला पोचतो.

बरोबरीच्या माणसाला साष्टांग घालायचा नसतो. त्याला ‘स. न. वि. वि.’, सप्रेम नमस्कार विनंती विशेष. ‘सा. न.’ आणि ‘स. न.’ यांत फरक एका कान्याचा, पण हा काना म्हणजे आडवा पडलेला माणूस उठून उभा राहण्याइतके अंतर आहे. शाळेच्या पुस्तकांनी ‘सा.’चा विस्तार ‘सादर’ असाही केला आणि मधली एक पायरी तयार झाली: पाया पडायचे नाही, गळ्यातही पडायचे नाही, थोडे वाकून उभे राहायचे. गुरुजन, संस्थांचे अध्यक्ष, व्याख्यानाला बोलवायचे पाहुणे यांच्यासाठी ही पायरी सोयीची आहे. ज्याला सादर अभिप्रेत आहे तो सादर समजतो आणि ज्याला साष्टांग हवा असतो तो साष्टांग समजून सुखावतो. घोटाळा होतो तो उलट्या दिशेने. सासऱ्यांना लिहिताना काना विसरला, तर जावई एकदम त्यांच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिल्यासारखा दिसतो. मित्राला लिहिताना काना जास्त पडला, तर मित्र पत्र पुरे वाचण्याआधीच उसने पैसे किती मागितले आहेत ते शोधू लागतो.

‘वि. वि.’ हा भाग सगळ्यांना सारखाच लागतो. नमस्कार झाला, आता विशेष विनंती ऐका, असा त्याचा अर्थ. त्यामुळे पुढे जे काही येईल ते विनंती या सदरात मोडते. बांधावरच्या भांडणात गावोगाव अशी पत्रे गेलेली आहेत: स. न. वि. वि., तुम्ही आमच्या हद्दीतली बाभूळ तोडली आहे, पंधरा दिवसांत भरपाई न मिळाल्यास कोर्टाची पायरी चढवू, कळावे, लोभ असावा ही विनंती. यात लिहिणाऱ्याला विसंगती वाटत नाही. दावा बाभळीचा आहे, लोभ वेगळा.

लहानांसाठी ‘चि.’ आणि ‘अ. आ.’, म्हणजे चिरंजीव अमुक यास अनेक आशीर्वाद. चिरंजीव या पदवीला वयाची अट नाही, फक्त देणारा मोठा हवा. ऐंशीच्या मावशीचे पत्र येते तेव्हा सेवानिवृत्त, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशने झालेला, स्वतः आजोबा असलेला भाचाही चि. असतो. अडचण होते ती वय आणि नाते यांनी उलट दिशा धरल्यावर. मोठ्या कुटुंबांत मामा भाच्याहून चार वर्षांनी लहान असणे ही जुनी गोष्ट आहे. नियमाने नाते वयाला हरवते, तेव्हा भाच्याने ‘ती.’ लिहून साष्टांग घालावा आणि मामाने आशीर्वाद द्यावा. प्रत्यक्षात दोघे शाळेत एका बाकावर बसलेले असतात. मग दोघेही मुकाट्याने ‘स. न. वि. वि.’ वापरतात आणि घरातल्या मोठ्यांना पत्र दाखवत नाहीत. जावयाची जागा आणखी अवघड: वयाने लहान म्हणून चिरंजीव म्हणायचे, मानाने मोठा म्हणून नुसते चिरंजीव म्हणायचे नाही. जुन्या पत्रांत यावर ‘चि. रा.’, म्हणजे चिरंजीव राजश्री, असा तोडगा सापडतो. डोक्यावर हात ठेवायचा, पण पगडीला धक्का लागू द्यायचा नाही.

ही सारी शिस्त घरात जन्मली असे वाटते, पण तिचे वळण दफ्तरात घडले. यादवांच्या राज्यातल्या हेमाद्रीपंतांच्या नावावर जी मेस्तके सांगतात त्यांत कोणाला काय लिहावे हा विषय आहे, आणि मराठेशाहीतल्या चिटणिसांना तर ही उतरंड तोंडपाठ असावी लागे. तोलामोलाच्या सरदाराला ‘अखंडितलक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ असा मायना जाई. फौजेचा पगार तटलेला असो, सावकार दारात बसलेला असो, मायन्यातली लक्ष्मी अखंडितच राही. पुष्कळदा पत्र त्याच लक्ष्मीतून थोडे कर्जाऊ मिळावे यासाठी असे. यातले ‘राजमान्य राजश्री’ पुढे आक्रसून ‘रा. रा.’ झाले आणि राज्य गेल्यावरही, कुठल्याही राजाला न विचारता, गावातल्या प्रत्येक लिहित्या माणसाच्या पाकिटावर बसले. आता त्याचे काम ‘श्री.’ करतो.

शेवटाची उतरंड मायन्याहून स्पष्ट होती. धन्याला लिहिलेले पत्र ‘हे विज्ञापना’ म्हणून संपे, बरोबरीच्याला लिहिलेले ‘हे विनंती’ म्हणून, वडिलांनी लहानाला लिहिलेले ‘हे आशीर्वाद’ म्हणून, आणि हाताखालच्या अंमलदाराला नुसते ‘जाणिजे’. वरचा भाग फाटला, वाळवीने खाल्ला, तरी शेवटच्या दोन शब्दांवरून कोण कोणाला लिहितो आहे याचा अंदाज इतिहासाचे अभ्यासक आजही बांधतात. त्याआधी ‘बहुत काय लिहिणे’ हे वाक्य येई, बहुधा बहुत लिहून झाल्यानंतरच. शेवटाचे आणखी एक काम होते आणि ते नम्रतेशी संबंधित नव्हते. मजकूर जिथे संपला तिथे मोर्तब, म्हणजे लहान शिक्का, उठवला जाई. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर त्याची अक्षरे ‘मर्यादेयं विराजते’ अशी आहेत. इथे मर्यादा झाली, याखाली कोणी काही लिहिले असेल तर ते आमचे नव्हे, असा त्याचा व्यवहारी अर्थ. आजचा ‘कळावे’ या शिक्क्याचा गरीब वारस आहे. त्याच्याखाली कोणी काही घुसडू नये इतका दरारा त्याला नाही, पण वाचणाऱ्याला आता सही येणार हे कळते.

अधिकाऱ्याला लिहायच्या पत्रात नाते नसते, पद असते. म्हणून इथे वरच्या टोकाला ‘प्रति’, मग पदनाम, मग कार्यालय आणि गाव. नाव लिहू नये याला नम्रतेहून ठोस कारण आहे: अधिकाऱ्याची बदली होते, टेबलाची होत नाही. नावाने पाठवलेला अर्ज साहेबांच्या मागोमाग नव्या जिल्ह्यात जाऊ शकतो आणि तिथे कोणाच्याच उपयोगाचा नसतो. नावाने लिहायचे पत्र म्हणजे अर्धशासकीय पत्र. ते एक अधिकारी दुसऱ्या अधिकाऱ्याला लिहितो, त्यात ‘प्रिय श्री. अमुक’ असा मायना चालतो, आणि प्रकरण फार काळ पडून राहिल्यावरच त्याचा उपयोग करतात. कार्यालयात ‘साहेबांचे अ. शा. पत्र आले आहे’ असे कोणी म्हटले की त्या ‘प्रिय’मध्ये किती प्रेम आहे हे सगळ्यांना समजते.

‘प्रति’खाली विषय, लागल्यास संदर्भ, आणि मग ‘महोदय’ किंवा ‘महोदया’. अधिकारी पुरुष की स्त्री हे ठाऊक नसेल तर दोन्ही लिहून मध्ये तिरकी रेघ मारतात. साष्टांग, सप्रेम, शिरसाष्टांग यांपैकी काहीही इथे लागत नाही. तहसीलदाराला सप्रेम नमस्कार गेला तर तो आधी अर्जदाराचा सातबारा तपासील. मजकूर ‘वरील विषयास अनुसरून’ या शब्दांनी सुरू होतो आणि शेवट ‘आपला विश्वासू’ असा होतो. ‘विश्वासू’ हा इंग्रजी कचेरीतून आलेला पाहुणा आहे, पण आता तो इतका स्थिरावला आहे की ज्या अर्जात खात्यावर अविश्वासाची सात कारणे दिलेली असतात त्याच्याही खाली तो शांतपणे बसतो. शाळकरी अर्जात ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ असते, आणि त्या अर्जाचा विषय बहुधा आज्ञा मोडल्याचा खुलासा हा असतो. परीक्षेत आपली ओळख द्यायची नाही म्हणून मुलांच्या कित्येक पिढ्यांनी पत्राखाली ‘अ. ब. क.’ अशी सही केली. महाराष्ट्रात इतक्या वेगवेगळ्या तक्रारी आणि इतक्या मागण्या दुसऱ्या कोणाच्याही नावावर नसतील.

कागदावरची ही पद्धत सुटसुटीत आहे, पण अर्जदाराच्या मनाला ती अपुरी वाटते. साहेबाला नुसते ‘महोदय’ म्हटले तर काम होईल का, ही शंका त्याला रात्रभर छळते. मग तहसील कचेरीबाहेरचा अर्जनवीस मदतीला येतो आणि ‘मेहेरबान तहसीलदार साहेब यांचे सेवेशी’ असे पहिल्या ओळीत ठोकतो. त्याखाली ‘खाली सही करणार अर्जदार कारणे विनंती अर्ज सादर करतो की’ येते. या रचनेत ‘प्रति’ही असते आणि ‘यांस’ही असते, ‘मा.’ही असते आणि ‘साहेब’ही, कधी दोहोंच्या जोडीला ‘महोदय’ही. एकाच माणसाला तीन दारांनी नमस्कार केला की एखादे तरी उघडे सापडेल, असा हिशेब त्यामागे असतो. याच्या अगदी विरुद्ध टोकाला माहिती अधिकाराचा अर्ज आहे. २००५ च्या कायद्याखालच्या नमुन्यात जन माहिती अधिकाऱ्याचे पद, अर्जदाराचे नाव, पत्ता, हव्या असलेल्या माहितीचा तपशील आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प एवढेच लागते. नमस्कार नाही, विनंती नाही, लोभ तर नाहीच. तरीही अनेक अर्जदार तळाला ‘कृपा करून माहिती द्यावी, ही नम्र विनंती’ अशी ओळ स्वतःहून जोडतात. हक्क मागताना हात रिकामे दिसू नयेत, अशी ती जुनी सवय आहे.

मित्राच्या पत्राला मोजकेच नियम आहेत. ‘प्रिय’ किंवा ‘मित्रवर्य’, नंतर नाव, नंतर ‘स. न. वि. वि.’ किंवा तेही नाही. खाली ‘तुझा’ आणि सही. ‘मित्रवर्य’ हा शब्द दिसला की मित्र दूर गेला आहे किंवा नव्याने एखाद्या मंडळाचा चिटणीस झाला आहे असे समजावे. एरवी औपचारिकता शेवटच्या ओळीत उरते: ‘लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.’ आपल्याकडचा लोभ जमा धरून समोरच्याकडे वाढीव मागणी नोंदवणारे हे वाक्य फार मुरलेले आहे.

मायना आणि शेवट यांची जोडी जुळावी लागते; नियमांपैकी हा एक मोडला की पत्र लगेच हास्यास्पद होते. एकाच प्रकरणातली तीन पत्रे घेतली तर हे नीट दिसते. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात वडिलोपार्जित घर आहे, घरामागचा गोठा दोन पावसाळ्यांपूर्वी पडला आहे, पण ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे आकारणीच्या नोंदवहीत, तो अजून उभा आहे आणि त्याची घरपट्टी येते आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या गृहस्थाला तीन ठिकाणी लिहायचे आहे: जुन्या पावत्या ज्यांच्या ट्रंकेत आहेत त्या नानाकाकांना, ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, आणि पंचायत समितीत कारकून असलेल्या शाळूसोबत्याला.

काकांचे पत्र ‘ती. नानाकाकांस, सा. न. वि. वि.’ असे सुरू होते. लगेच मुद्द्यावर येता येत नाही. आधी ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील खुशाली कळवावी’ ही ओळ लागते. इथे पुण्यात डेंगी असो की घरात रंगकाम, क्षेम सर्वच असते; क्षेम नसेल तर ते पुढच्या परिच्छेदात ‘परंतु’ने सुरू होते. मग पावत्यांची गोष्ट, तीही मागणी म्हणून नव्हे तर ‘सवडीने शोधून ठेवल्यास बरे होईल’ अशी. शेवटी ‘ती. सौ. काकूंस साष्टांग नमस्कार, लहानांस आशीर्वाद, कळावे, आपला’ आणि घरातले नाव. इथे आडनावासकट पूर्ण सही केली तर काका ती पाहून म्हणतात, ‘हा काय आम्हाला नोटीस देतोय?’

ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या अर्जात यातले काहीही चालत नाही. ‘प्रति, मा. ग्रामपंचायत अधिकारी, ग्रामपंचायत कार्यालय’, गाव आणि तालुका. ‘विषय: पडलेल्या गोठ्याची नमुना ८ मधील नोंद कमी करणेबाबत.’ ‘महोदय, वरील विषयास अनुसरून’ पासून घर क्रमांक, गोठा कधी पडला, आजही त्याची आकारणी होते आहे, जागेची पाहणी करून नोंद दुरुस्त करावी, एवढे चार वाक्यांत. खाली सोबतच्या कागदांची यादी, ‘आपला विश्वासू’, पूर्ण नाव, पत्ता, फोन. पोस्टाने पाठवला तर पोचपावतीसह, हाती दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेऊन. या अर्जाची खरी फलश्रुती त्या दुसऱ्या प्रतीवर असते. अधिकाऱ्याच्या क्षेमाची चौकशी इथे वाया जाते, आणि वाईट म्हणजे अर्जात ती मधोमध असल्यामुळे घर क्रमांक दुसऱ्या पानावर ढकलला जातो.

मित्राला दोन ओळी पुरतात. ‘प्रिय दिलीप, स. न. वि. वि., आमचा गोठा तुमच्या नोंदवहीत अजून उभा आहे, त्यात तुम्ही लोक गुरे बांधता की काय? आकारणीची फेरतपासणी केव्हा आहे ते कळव. तुझा.’ हेच वाक्य जसेच्या तसे ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या अर्जात गेले तर गोठा आणखी दहा वर्षे उभा राहील.

आता जोड्या उलटसुलट करून पाहाव्यात. ‘ती. नानाकाकांस’ने सुरू होऊन ‘आपला विश्वासू’ने संपणारे पत्र वाचून काका वाटणीची कागदपत्रे कपाटातून काढतात. ‘महोदय’ने सुरू होऊन ‘लोभ असावा’ने संपणारा अर्ज वाचून ग्रामपंचायत अधिकारी ओळख शोधू लागतो आणि ती सापडेपर्यंत अर्ज बाजूला ठेवतो. ‘प्रिय दिलीप’ने सुरू होऊन ‘आपला आज्ञाधारक’ने संपणारे पत्र दिलीप कार्यालयात मोठ्याने वाचून दाखवतो. मायना एकट्याने चुकला तर माणूस गोंधळला असे समजतात. मायना आणि शेवट एकमेकांशी भांडले तर माणसाच्या मनात काहीतरी आहे असे समजतात.

ई-मेलने या व्यवस्थेचा आकार बदलला, आशय फारसा नाही. २०१८ पासूनच्या दहावीच्या मराठी पुस्तकात औपचारिक पत्र ई-मेलच्या साच्यात आले: पत्ता, विषय, महोदय आणि शेवट सारे डाव्या समासाला टेकून. पूर्वी ‘आपला विश्वासू’ उजव्या कोपऱ्यात सरकवण्यात मुलांचे कौशल्य पणाला लागे, ते काम गेले. विषयाची चौकट यंत्रानेच दिल्यामुळे अर्जदाराला विषय शोधावा लागतो, हा फायदाच. नुकसान झाले ते ‘यांस’चे; ‘नमस्कार सर’ने सुरू होणाऱ्या ई-मेलमध्ये मामा, मुख्याध्यापक आणि गॅस एजन्सीचा व्यवस्थापक एकाच रांगेत उभे राहतात.

सहीच्याही खाली एक जागा उरते, ती ताज्या कलमाची. ‘ता. क.’ म्हणजे पत्र बंद करता करता आठवलेली गोष्ट. अर्जात त्याला थारा नाही. सहीनंतर लिहिलेले काहीही कारकून वाचत नाही आणि वकील मानत नाही. म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या अर्जात काही राहिले असेल तर अर्ज पुन्हा लिहावा. मित्राच्या पत्रात ता. क. हवे तितके असावेत. वडीलधाऱ्यांच्या पत्रात एकच असावा, आणि त्यात पत्राचे खरे कारण सांगण्याची मुभा आहे. शिरसाष्टांग, क्षेम, पाऊसपाणी, काकूंचे गुडघे, लहानांस आशीर्वाद हे सगळे झाल्यावर, कडेच्या उरलेल्या जागेत, कार्ड आडवे धरून लिहावे: ता. क. गोठ्याच्या पावत्या स्पीड पोस्टाने पाठवाव्यात, तुमच्याकडच्या त्याच एकमेव प्रती आहेत, आणि पोस्टाचा खर्च मनीऑर्डरने आजच पाठवला आहे.